सनस्क्रीनची जाहिरात: चेहरा, आवाज की अक्षरं?

क्रीम किंवा सनस्क्रीन विकणारी बाई कॅमेऱ्यासमोर बोलायला लागली की बघणारे सुरुवातीला तिचं ऐकत नाहीत, तिचे गाल न्याहाळतात. डाग आहेत का, नाकावर तेलकटपणा आहे का, पावडर लावली आहे का, फिल्टर आहे का. लोणचं किंवा पाण्याची टाकी विकणाऱ्याच्या वाट्याला ही तपासणी येत नाही. त्वचेच्या मालाची जाहिरात करताना मात्र बोलणाऱ्याचा चेहरा हाच पुरावा धरला जातो, मग तो माल त्यानं कधी वापरलेला असो वा नसो. कमी पैशांत जाहिरात करणारे नेमकं इथेच फसतात. मॉडेल परवडत नाही, आवाजाचा कलाकार परवडत नाही, तेव्हा स्वतःच मोबाइलसमोर उभं राहून बोलणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग वाटतो. खर्चाच्या हिशेबात तो स्वस्त आहेच, पण तीन मार्गांपैकी सगळ्यांत कमी चुका खपवून घेणाराही तोच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरातली एक बाई परवाना असलेल्या कारखान्याकडून सनस्क्रीन बनवून घेते आणि स्वतःच्या नावानं विकते. ५० ग्रॅमची ट्यूब, किंमत ३९९ रुपये. विक्री इन्स्टाग्रामवरून आणि व्हॉट्सॲपवरून. जाहिरातीसाठी तिच्याकडे दहा हजार रुपये आहेत आणि त्यातले निम्मे तरी ती जाहिरात लोकांपर्यंत पोचवण्यासाठी इन्स्टाग्रामला द्यायचे आहेत. म्हणजे चित्रीकरण, आवाज, संकलन सगळं मिळून पाच हजारांत. तिच्या मालाचं म्हणणं एकच आहे: गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हे सनस्क्रीन पांढरा थर ठेवत नाही. ही तक्रार खरीच आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनचे कण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही परतवतात, म्हणून सावळा चेहरा राखाडी दिसायला लागतो आणि बायका ट्यूब कपाटात टाकून देतात. तीस सेकंदांत हे म्हणणं पटवायचं आहे. बोलायचं कुणी?

आधी चेहरा पाहू. ती स्वतः कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “माझ्या चेहऱ्यावर पांढरा थर दिसतोय का?” तर कल्पना चांगली आहे. अडचण पुढे सुरू होते. बऱ्याच मोबाइलचा समोरचा कॅमेरा न विचारता त्वचा गुळगुळीत करतो. काही फोनमध्ये ही सोय आधीपासूनच सुरू असते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बघणाऱ्याला कळतं. कानशिलाजवळचे केस विरघळल्यासारखे दिसतात, नाकाच्या कडा पुसट होतात, आणि प्रतिक्रियांमध्ये पहिला प्रश्न येतो, “फिल्टर कुठला?” तो प्रश्न आला की माल कितीही खरा असला तरी जाहिरात संपली. म्हणून चेहरा दाखवायचाच असेल तर मागचा कॅमेरा वापरायचा, ब्यूटी मोड बंद आहे याची खात्री करायची आणि मेकअप करायचा नाही.

दुसरी अडचण प्रकाशाची. मोबाइल दर क्षणाला ठरवत असतो की चित्र किती उजळ ठेवायचं. पांढरी ट्यूब चौकटीत आली की तो सगळं चित्र काळवंडतो, ट्यूब बाजूला गेली की पुन्हा उजळतो. एरवी हे कुणाच्या लक्षात येत नाही. इथे मात्र त्वचेचा रंग बदलला की नाही हाच तर मुद्दा आहे, आणि कॅमेराच तो बदलत राहतो. उपाय फुकटचा आहे: चित्रीकरणाआधी पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट काही क्षण दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही बांधले जातात आणि पडद्यावर कुलपाची खूण किंवा ‘लॉक’ असं काहीतरी येतं. खिडकीच्या उजेडात काम करायचं आणि घरातले दिवे बंद ठेवायचे. ट्यूबलाइटचा निळसर आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा दिसतो. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात.

एवढं सांभाळूनही बोलण्याचा प्रश्न उरतोच. पाठ केलेलं वाक्य म्हणताना माणूस शेवटचा शब्द आठवण्यासाठी डोळे वर नेतो. वाचून म्हणताना डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात, आणि त्वचा जवळून दिसावी म्हणून कॅमेरा जवळ आणलेला असल्यामुळे ते लपतही नाही. स्वतःला पडद्यावर बघत बोललं तर नजर भिंगाच्या थोडी खाली जाते आणि ती आपल्याशी बोलते आहे असं वाटत नाही. आणि सगळ्यांत महाग गोष्ट म्हणजे दुरुस्ती. पुढच्या महिन्यात किंमत ३९९ची ४४९ झाली आणि ती तोंडानं सांगितलेली असेल, तर तोच ड्रेस, तोच उजेड, तेच केस जमवून सगळं पुन्हा. चेहऱ्यानं बोललेलं वाक्य नंतर बदलता येत नाही.

मग तो वापरायचाच नाही का? वापरायचा, पण ज्या वाक्याला माणूस लागतो तेवढ्याच वाक्यासाठी. “हे मी विकते, काही त्रास झाला तर फोन मीच उचलते” हे वाक्य आवाजानं किंवा अक्षरांनी सांगितलं तर पोकळ वाटतं. तिथे डोळे लागतात. आठ-दहा शब्दांचं असं एक वाक्य कुणालाही न अडखळता म्हणता येतं. ते म्हणताना कॅमेऱ्यामागे ओळखीचं एक माणूस उभं करावं आणि त्यालाच सांगावं. मान आपोआप सैल होते.

आता आवाज. व्हॉइसओव्हर म्हटलं की लोकांच्या कानात आकाशवाणीचा किंवा डबिंग केलेल्या जाहिरातीचा आवाज येतो: गोल, गुळगुळीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडा वर जाणारा. पाच हजारांत तसा आवाज आणायचा प्रयत्न केला तर दुय्यम प्रतीचा मिळतो, आणि मालही दुय्यम वाटायला लागतो. माझ्या मते इथे विकणाऱ्या बाईचाच आवाज घ्यावा. तिच्या बोलण्यातला कोल्हापुरी हेल अजिबात काढू नये. तो आवाज आणि चित्रात तिचे हात, एवढं जमलं तर समोर बोलण्याचा बराचसा फायदा मिळतो आणि गालांची तपासणी टळते. पाठीमागे कोण आहे ते कळतं, पण लक्ष सनस्क्रीनवर राहतं.

फक्त तिला वाचायला लावू नये. कागद हातात आला की “आमचे उत्पादन आपल्या त्वचेची काळजी घेते” अशी भाषा तोंडातून आपोआप येते. त्यापेक्षा कुणीतरी तिला प्रश्न विचारावेत. गिऱ्हाईक काय तक्रार घेऊन येतं? किती लावायचं म्हणून सांगतेस? लोक काय चुकतात? पंधरा-वीस मिनिटं मोबाइलवर बोलणं चालू ठेवायचं आणि त्यातली चार-पाच वाक्यं उचलायची. वाक्य अर्धवट असेल तर तेवढंच पुन्हा म्हणायला सांगायचं.

ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ लागत नाही, शांतता लागते. मराठी घरात शांततेचे शत्रू ठरलेले असतात: पंखा, फ्रीज, कुकर आणि खालून जाणारी रिक्षा. पंखा आणि फ्रीज बंद करायचा, रात्री उशिरा किंवा भर दुपारी बसायचं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलायचं. कपडे आवाज पिऊन टाकतात. हजारेक रुपयांचा वायरचा कॉलर माईक आणला तर या सगळ्यात तोच पैसा सगळ्यांत सार्थकी लागतो. माईक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावायचा आणि ओढणी किंवा मंगळसूत्र त्याला घासणार नाही हे बघायचं. मोबाइलच्याच माईकवर बोलायचं असेल तर तो तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला धरायचा, नाहीतर प, फ, भ या अक्षरांना हवेचा फटका बसतो. मुद्रण झाल्यावर कानात हेडफोन घालून एकदा ऐकायचं. शब्दांच्या मधल्या शांततेत सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल तर काहीतरी चालू राहिलंय.

आणि क्रम असा: आवाज आधी, चित्र नंतर. बहुतेक जण उलटं करतात. आधी भरपूर चित्रीकरण, मग त्यात बसतील तसे शब्द कोंबायचे. त्यामुळे बाई “दोन बोटांवर घ्या” म्हणते तेव्हा चित्रात बाटलीचं झाकण असतं. आवाज कापून तयार असला की कोणतं चित्र किती सेकंदांचं हवं हे कळतं आणि नको ते चित्रीकरण होत नाही.

शब्द किती? मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे तीस सेकंदांत साठ. पण साठच्या साठ भरले तर बघायला वेळच उरत नाही, आणि इथे तर बघणं हेच काम आहे. चाळीसच्या आसपास थांबावं. आपल्या उदाहरणातला मजकूर असा होऊ शकेल:

“सनस्क्रीन लावलं की चेहरा पांढराफटक दिसतो, म्हणून आपण लावतच नाही. हे बघा. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं लागतं. घासायचं नाही, हळूहळू पसरवायचं. आता हाच हात उन्हात. दिसतोय का पांढरा थर? बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा. दर दोन तासांनी पुन्हा.”

यात मालाचं कौतुक करणारं एकही वाक्य नाही, हे मुद्दाम. “दिसतोय का” या प्रश्नानंतर तीन सेकंद कुणीच बोलत नाही. उन्हातला हात नुसता उलटसुलट होतो. त्या तीन सेकंदांसाठीच बाकीची सत्तावीस आहेत, आणि इथे समोर बोलणारी व्यक्ती असती तर ती गप्प बसूच शकली नसती. शांतता समोरच्या चेहऱ्याला अवघड जाते, आवाजाला सहज जमते. हात मात्र दोन वेगवेगळ्या रंगांचे घ्यावेत, एक गव्हाळ आणि एक चांगला सावळा. नुसत्या गोऱ्या हातावर पांढरा थर दिसत नाही हे दाखवण्यात काही अर्थ नाही. आणि सावळ्या हातावर थर खरंच दिसत असेल तर जाहिरात थांबवून कारखानदाराला फोन करावा.

अक्षरांकडे लोक वेगळ्याच कारणानं वळतात. फोनचा आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांनाही सगळं कळावं, हा हेतू. तो बरोबर आहे. ऑफिसात, दवाखान्यात रांगेत बसलेल्या माणसाला आवाज लावता येत नाही. पण म्हणून सगळी जाहिरात अक्षरांवर चालवली तर हात बघायला डोळा मोकळा राहत नाही. एकाच वेळी वाचणं आणि बारकाईनं बघणं जमत नाही. वाचलं तर पोत निसटतो, पोत बघितला तर वाक्य. दिवाळीची सवलत, नवी पत्ता-वेळ, ‘माल संपला होता, पुन्हा आलाय’ अशा निरोपांना नुसती अक्षरं पुरतात. आपल्या उदाहरणात मात्र अक्षरांकडे तेवढंच द्यायचं जे कानानं नीट लक्षात राहत नाही: ५० ग्रॅम, ३९९ रुपये, व्हॉट्सॲपचा नंबर. शिवाय ‘आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा’ ही सूचना.

देवनागरीची स्वतःची खोड आहे. इंग्रजी अक्षराला वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात मराठी टाकलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. ओळींमधलं अंतर हातानं वाढवावं लागतं. बारीक, सडपातळ फॉन्ट मोबाइलच्या पडद्यावर पुसट होतात, कारण इन्स्टाग्रामवर चढवताना व्हिडिओ दाबला जातो आणि पहिला बळी शिरोरेषेचा जातो. मुक्ता किंवा बलू यांसारखे मोकळेपणानं मिळणारे फॉन्ट जाड वजनात घेतले तर टिकतात. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात; ‘त्वचा’ लिहिलं की पाय मोडलेला त आणि शेजारी सुटा व उभा राहतो. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तर हमखास बिघडतो. अशा वेळी झगडत बसू नये. मजकूर दुसरीकडे चित्र म्हणून बनवून व्हिडिओवर चिकटवावा.

आणखी एक गोष्ट फक्त याच धंद्यात घडते. सनस्क्रीन पांढरं, बेसिन पांढरं, टाइल पांढऱ्या, आणि अक्षरंही पांढरी. त्यामुळे अक्षरांमागे गडद पट्टी हवीच. रील्सच्या उभ्या चौकटीत खालचा सुमारे तिसरा भाग खात्याचं नाव, मजकूर आणि बटणांनी झाकला जातो आणि उजवीकडे लाइक-शेअरची चिन्हं असतात. किंमत नेमकी तिथे लिहिली जाते आणि मग शंभर माणसं विचारतात, किंमत काय? अक्षरं मधल्या भागात, एका वेळी दोन ओळी, ओळीत तीन-चार शब्द. किती वेळ ठेवायची? आपण स्वतः मोठ्यानं दोनदा वाचून होईपर्यंत. लिहिणाऱ्याला मजकूर पाठ असतो, म्हणून त्याला नेहमी कमी वेळ पुरेसा वाटतो. शेवटी मोबाइल हातभर लांब धरून, चष्मा लागणाऱ्या एखाद्या मावशींना वाचायला द्यावा.

नियमांचाही या निवडीशी थेट संबंध आहे, हे फार जणांना माहीत नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात खुलाशाविषयी, म्हणजे दाव्याला जोडलेल्या अटीविषयी, स्पष्ट म्हटलं आहे: दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत, दाव्याचा जो फॉन्ट, तोच खुलाशाचा, आणि दावा आवाजातून केला असेल तर खुलासा त्याच वेळी, त्याच वेगानं दिसला पाहिजे. म्हणजे मराठीत बोलून खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी टाकणं बसत नाही. बाईनं आवाजात “एसपीएफ ५०” म्हटलं तर त्यामागचा चाचणीचा अहवाल कारखानदाराकडून तिच्या हातात असायला हवा, आणि दाव्याला काही अट असेल तर ती तेव्हाच पडद्यावर यायला हवी. तीस सेकंदांत हे ओझं वाहण्यापेक्षा आकडा ट्यूबवर दिसू द्यावा आणि आवाजानं वापरण्याची रीत सांगावी. “काळे डाग घालवतं”, “मुरुमं बरी करतं” अशी वाक्यं तर कोणत्याच मार्गानं नकोत. ती सौंदर्यप्रसाधनाची भाषा राहत नाही, औषधाची होते.

वापरणाऱ्या व्यक्तीला बोलतं करायचं असेल तर त्याच तत्त्वांनुसार तिनं तो माल खरोखर वापरलेला हवा, मत तिचं स्वतःचं हवं, आणि विकणाऱ्याशी तिचं नातं असेल किंवा तिला ट्यूब फुकट मिळाली असेल तर तसं सांगायला हवं. बहिणीला गिऱ्हाईक म्हणून उभं करण्याची पद्धत फार आहे. आडनाव वेगळं असलं तरी गावात सगळ्यांना माहीत असतं.

तर आपल्या उदाहरणातली जाहिरात अशी होईल. पहिली तीन सेकंदं सावळ्या हातावर पांढऱ्या थराचा राखाडी पट्टा, तोही बाजारात मिळणाऱ्या सनस्क्रीनचा, ट्यूबचं नाव न दाखवता. वर “म्हणून आपण लावतच नाही” हा आवाज. मग तिचं सनस्क्रीन दोन बोटांवर, मग पसरवणं, मग दार उघडून हात थेट उन्हात, आणि शांतता. त्यानंतर लावण्याची वेळ आणि परत लावण्याची आठवण, तेवढ्यात पडद्यावर ५० ग्रॅम, ३९९. शेवटची चार सेकंदं तिचा चेहरा, न सजवलेला, आणि ते एक वाक्य. चेहरा शेवटी आल्यामुळे गालांची तपासणी सुरू होईपर्यंत हातानं पुरावा देऊन झालेला असतो. खर्च: माईक हजार, साधा ट्रायपॉड आठशे, संकलन करून देणाऱ्या मुलाला अडीच-तीन हजार. पार्श्वसंगीतासाठी गाजलेलं गाणं घेऊ नये. धंद्याच्या खात्याला त्याची परवानगी नसते आणि आवाज काढून टाकला जाऊ शकतो.

जाहिरात चालू झाल्यावर इन्स्टाग्राम एक आलेख दाखवतं, कोणत्या सेकंदाला किती लोक उरले याचा. पहिल्या तीन सेकंदांतच उतार असेल तर दोष पहिल्या चित्राचा आहे. हाताचा पट्टा पुरेसा राखाडी दिसत नाही. मध्यावर पसरवताना गळती असेल तर ते चित्र लांबलंय. उन्हातल्या हातापर्यंत लोक टिकले आणि तरीही सगळे किंमतच विचारताहेत, तर अक्षरं झाकली गेली आहेत किंवा लवकर गेली आहेत. यातली कोणतीही दुरुस्ती आवाजाला हात न लावता होते. पहिली तीन सेकंदं पुन्हा चित्रित करायला खिडकीजवळची पंधरा मिनिटं पुरतात. आणि सांगली-सोलापूरपलीकडे सीमेवरच्या कन्नड गिऱ्हाइकांसाठी तीच जाहिरात हवी असेल तर बेळगावची एखादी मैत्रीण कपड्यांच्या कपाटासमोर बसवून चाळीस शब्द कन्नडमध्ये बोलवून घ्यायचे, अक्षरं बदलायची आणि शेवटचा चेहरा कापून टाकायचा. हात तेच चालतात.